दोन डॉक्टर, दोन सल्ले आणि फ्रिजमधली अर्धी बाटली

वाचकाचं पत्र

माझा मुलगा 17 महिन्यांचा आहे, वजन 10 किलो. जुलैत त्याला चार दिवस सर्दी होती. पाचव्या रात्री काखेत 101.5 ताप भरला आणि तो उजवा कान सारखा ओढायला लागला. आडवं केलं की किंचाळायचा. शेजारच्या काकू म्हणाल्या, दाढा येताहेत. सासूबाईंनी लसूण घालून तेल कोमट केलं. मी ते कानात घालू दिलं नाही, त्यावरून घरात अजून धुसफूस आहे. सकाळी नेहमीच्या डॉक्टरांनी दोन्ही कान बघितले, "उजव्या कानात इन्फेक्शन आहे" म्हणाले, पण फक्त पॅरासिटामॉल दिलं आणि दोन दिवसांनी बोलावलं. औषध 6 मिली लिहिलं होतं, ते फार वाटलं म्हणून आम्ही अर्धा चमचाच देत होतो. पोर दिवसभर रडलं. संध्याकाळी मिस्टर त्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी लगेच अँटिबायोटिक दिलं, तिसऱ्या दिवशी मुलगा हसायला-खेळायला लागला. पाचव्या दिवशी आम्ही औषध बंद केलं. अर्धी बाटली फ्रिजमध्ये आहे. आता दोन आठवड्यांनी तो परत कान ओढतोय, ताप नाही. मिस्टर म्हणतात तेच औषध सुरू करू. पहिल्या डॉक्टरांनी हलगर्जीपणा केला का? आणि पुढच्या वेळी मी कशावरून ओळखू?

उत्तर

आधी फ्रिजमधल्या बाटलीचं. ती आजच टाकून द्या. पावडरीत पाणी घालून तयार केलेलं अँटिबायोटिकचं सिरप फ्रिजमध्ये ठेवलं तरी साधारण आठवडाभरच चांगलं राहतं (नेमकी मुदत लेबलवर असते), आणि तुमचं त्याच्या पुढे गेलंय. पण ते ताजं असतं तरी मी ‘देऊ नका’ असंच म्हटलं असतं. तुमचा मुलगा आता कान ओढतोय त्याचं कारण बहुधा वेगळं आहे. त्याकडे शेवटी येते.

तुमच्या पत्रात कान ओढण्याचा उल्लेख दोनदा आलाय आणि घरातल्या प्रत्येकाने निष्कर्ष त्यावरूनच काढलाय. मला तिथेच थोडं थांबवावंसं वाटतं. वर्ष-दीड वर्षाची मुलं कान कशासाठीही ओढतात. झोप आली की ओढतात, दाढा येताना ओढतात, कारण हिरडीचं दुखणं कानाकडे जाणवतं. काहींना तर कान हा नुकताच सापडलेला खेळ असतो. नुसता कान ओढणारं, बाकी खाणारं-पिणारं, ताप नसलेलं मूल माझ्याकडे आलं की बहुतेक वेळा कान स्वच्छ निघतो. उलट, मधल्या कानात पू भरलेली कितीतरी मुलं कानाला हातही लावत नाहीत, नुसती रात्रभर रडतात.

म्हणून लक्ष द्यायचं ते घटनांच्या क्रमाकडे, आणि तुमच्या पत्रात तो अगदी नमुनेदार उतरलाय. आधी सर्दी, तीन-चार दिवस साधीच. मग ती ओसरायच्या सुमारास नवा ताप. रात्री रडणं वाढतं, आडवं केलं की जास्त, खांद्यावर घेतलं की जरा शांत. भूक लागलेली असते, मूल दूध ओढायला सुरुवात करतं आणि दोन घोटांत तोंड बाजूला करून रडतं, कारण चोखताना-गिळताना मधल्या कानातला दाब बदलतो आणि कळ येते. काही मुलांना उलटी किंवा पातळ शीही होते आणि सगळं घर पोटाच्या मागे लागतं. हा क्रम दिसला की मूल कान ओढो न ओढो, कान तपासून घ्यायचा.

हे होतं कसं ते समजून घेतलं तर पुढचे बरेच वाद मिटतील. कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक छोटी पोकळी असते, तो मधला कान. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. आत हवा पोचवणं आणि आतला स्राव खाली उतरवणं ही तिची कामं. मोठ्या माणसात ही नळी लांब आणि चांगली उतरती असते. तान्ह्या आणि रांगत्या मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीत नळीचं अस्तर सुजतं, तोंड बंद होतं, पोकळीत पाणी साठतं, आणि नाका-घशातले जंतू तिथे चढून वाढतात. मग पाण्याचा पू होतो, पडद्याला आतून रेटा बसतो, आणि कळ असते ती त्या रेट्याची. सहा महिने ते दोन वर्षं या वयात हे सर्वांत जास्त का घडतं, ते या नळीवरून कळेल. गार वाऱ्याने किंवा कानात आंघोळीचं पाणी गेल्याने हे होत नाही, कारण रस्ता नाकाकडून आहे, बाहेरून नाही.

सासूबाईंच्या तेलाचं उत्तरही इथेच आहे. दुखणं पडद्याच्या मागे आहे आणि तेल पडतं पडद्याच्या पुढे. पडदा शाबूत असेल तर ते आत पोचतच नाही. बाहेरच्या नळीत कोमट काहीतरी गेल्याचं घटकाभर बरं वाटत असेल, पण नंतर डॉक्टर दुर्बीण लावतात तेव्हा पडद्याऐवजी तेल दिसतं. आणि रेट्याने पडद्याला भोक पडलेलं असेल तर तेच तेल, लसणाच्या बारीक कणांसकट, थेट मधल्या कानात. तेल गरम किती झालंय याचा अंदाज चुकून कानाची नळी भाजलेली मुलंही बघितली आहेत. तुम्ही अडवलंत ते बरोबर केलंत. सासूबाईंना मात्र "तुमचं चुकलं" असं सांगण्यापेक्षा तेल कुठे पडतं आणि दुखतं कुठे एवढंच कागदावर काढून दाखवा. अनेक आज्या ते लगेच मान्य करतात. कान शेकायचा असेल तर कोमट, कोरडा फडका बाहेरून धरायला काही हरकत नाही.

शेजारच्या काकूंचंही पूर्ण चूक नाही. या वयात पहिल्या दाढा येतातच. पण दातांमुळे फार तर अंग कोमट लागतं. 100.4 च्या पुढचा ताप दातांच्या नावावर टाकायचा नाही, त्याचं कारण दुसरीकडे शोधायचं.

आता त्या सकाळी डॉक्टरांनी कानात काय बघितलं असेल ते सांगते, कारण तुमचा मुख्य प्रश्न त्यावर अवलंबून आहे. निरोगी पडदा राखाडीसर आणि अर्धपारदर्शक असतो, त्यातून आतल्या हाडाची दांडी दिसते. मधल्या कानात पू भरला की पडदा जाड आणि अपारदर्शक होतो, दांडी दिसेनाशी होते, आणि मुख्य म्हणजे तो बाहेर फुगतो. मध्यभागी तो हाडाला धरलेला असतो, म्हणून तिथे खळगा राहतो आणि कडेने फुगवटा येतो, थेट मेदूवड्यासारखा. हा फुगवटा म्हणजे निदान. लाली म्हणजे निदान नाही. जोरात रडणाऱ्या किंवा तापलेल्या कुठल्याही मुलाचा पडदा लाल दिसतो. ‘कान जरा लाल आहे’ एवढ्यावर अँटिबायोटिक मिळालं असेल तर "पडदा फुगलाय का?" असं विचारायला अजिबात संकोच करू नका. आणि कान न बघताच कानाचं औषध लिहून मिळालं, तर दुसरीकडे दाखवा.

कान नीट दिसण्यासाठी तुमचीही मदत लागते. मुलाला मांडीवर आडवं, तुमच्या छातीला टेकवून बसवा. एका हाताने त्याचे दोन्ही हात कवेत धरा, दुसऱ्या हाताने डोकं छातीशी घट्ट, आणि त्याचे पाय तुमच्या मांड्यांमध्ये. मूल रडेल, पण तपासणी काही सेकंदांत होते. सैल धरलं तर दोनतीनदा करावी लागते आणि प्रत्येक वेळी जास्त दुखतं.

पहिल्या डॉक्टरांनी हलगर्जीपणा केला का? तुम्ही लिहिलंय त्यावरून, नाही. मधल्या कानाचं दुखणं पुष्कळ मुलांत अँटिबायोटिकशिवायही दोन-तीन दिवसांत उतरतं. म्हणून सहा महिने ते दोन वर्षं या वयात, एकाच कानाला संसर्ग असेल, ताप 102.2 च्या खाली असेल, दुखणं फार तीव्र नसेल आणि सुरू होऊन 48 तास झाले नसतील, तर दोन्ही मार्ग योग्य मानले जातात: लगेच अँटिबायोटिक, किंवा दुखण्याचं औषध देऊन 48 ते 72 तास लक्ष ठेवणं. तुमच्या मुलाचा एकच कान, ताप 101.5, दुखणं एका रात्रीचं. पहिल्या डॉक्टरांनी दुसरा मार्ग घेतला, आणि "दोन दिवसांनी या" हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग होता. तेवढं सोडून नुसतं पॅरासिटामॉल देऊन पाठवलं असतं तर मीही नाक मुरडलं असतं. संध्याकाळच्या डॉक्टरांनी पहिला मार्ग घेतला. दिवसभर न थांबता रडलेलं मूल समोर आल्यावर मीही कदाचित तेच केलं असतं. म्हणजे दोघांमध्ये एक बरोबर आणि एक चूक असा हा सामनाच नाही.

खरी गडबड मला मधल्या दिवसात दिसते, आणि ती अर्ध्या चमच्याची आहे. हिशोब करून बघा. पॅरासिटामॉल मुलाच्या वजनावर ठरतं, एका वेळी किलोला 15 मिलिग्रॅमपर्यंत. 10 किलोला 150 मिलिग्रॅम. साध्या सिरपमध्ये 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असतं, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेले 6 मिली अगदी बरोबर होते. अर्धा चमचा म्हणजे 2.5 मिली, त्यात फक्त 60 मिलिग्रॅम गेलं. निम्म्याहूनही कमी. ताप थोडा हलला असेल, पण कान ठणकतच राहिला, आणि मूल रडतंय म्हणजे ‘औषध लागू पडत नाही, अँटिबायोटिकच हवं’ असा अर्थ निघाला. अँटिबायोटिक दिलं तरी पहिल्या दिवसात त्याने कळ फारशी कमी होत नाही. पहिल्या दिवशी मुलाला आराम मिळतो तो पुरेशा डोसातल्या वेदनाशामकानेच. अँटिबायोटिक मिळो न मिळो, हे औषध द्यायचंच.

यात उलटी चूकही होते आणि ती जास्त धोक्याची. पॅरासिटामॉलच्या बाटल्या तीन तऱ्हेच्या मिळतात. थेंबांच्या छोट्या बाटलीत 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये 5 मिलीत 120 किंवा 125, आणि जास्त ताकदीच्या सिरपमध्ये 5 मिलीत 250. म्हणजे तुमच्या मुलाचे तेच 150 मिलिग्रॅम थेंबांतून दीड मिली, साध्या सिरपातून साधारण 6 मिली आणि तिसऱ्यातून 3 मिली होतात. मागच्या वेळचा ‘6 मिली’ लक्षात ठेवून थेंबांच्या बाटलीतून तेवढे दिले तर चौपट डोस जातो, आणि तो यकृताला घातक ठरू शकतो. म्हणून दर वेळी लेबल वाचा आणि स्वयंपाकघरातला चमचा न वापरता बाटलीबरोबरचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या सर्दीच्या सिरपांतही अनेकदा पॅरासिटामॉल असतं, ते दुहेरी होतं. ती सिरपं कानाला उपयोगी पडत नाहीत. त्यातली क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन असलेली चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं औषध नियंत्रकांनी 2023 मध्ये बजावलंही आहे. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब पुरतात.

आयब्युप्रोफेनने कानदुखी छान उतरते आणि सहा महिन्यांनंतर डॉक्टर ते देतातही. पण पावसाळ्यात ते स्वतःच्या मनाने सुरू करू नका. त्या दिवसांत डेंग्यूची शंका असेल तर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. मूल उलट्या करतंय, शू कमी होतेय, तरीही ते टाळायचं.

अँटिबायोटिक सुरू केलंच, तर ते सांगितलेले दिवस द्यायचं. दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा 10 दिवस लिहितात, आणि त्यामागे कारण आहे. अमेरिकेत 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच वयाच्या मुलांना पाच दिवसांचा आणि दहा दिवसांचा कोर्स देऊन तुलना केली, तर पाच दिवसवाल्यांत उपचार फसण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. मूल तिसऱ्या दिवशी खेळायला लागणं अपेक्षितच असतं. 48 ते 72 तासांत फरक पडलाच नाही तर मात्र परत दाखवायचं, कारण औषध बदलावं लागू शकतं. पहिली पसंती बहुधा अमॉक्सिसिलिनला असते आणि कानासाठी त्याचा डोस मोठा असतो. बाटलीकडे बघून घाबरून तोही अर्धा करू नका. तीन दिवसांत संपतं म्हणून अझिथ्रोमायसिन मागून घेण्याची आपल्याकडे सवय आहे, पण कानाच्या नेहमीच्या जंतूंवर ते कमी भरवशाचं आहे.

तुम्ही पाचव्या दिवशी बंद केलंत आणि मूल बरं राहिलं, तेव्हा आता त्यावरून जीव टांगणीला लावू नका. राहिलेले दिवस आता भरून काढण्यातही अर्थ नाही.

ही ‘थांबून बघू’ची मोकळीक सगळ्यांना नाही, हे इतर आईवडिलांनी लक्षात घ्यावं. सहा महिन्यांखालचं बाळ असेल, दोन वर्षांखालच्या मुलाचे दोन्ही कान असतील, ताप 102.2 किंवा वर असेल, किंवा कानातून पू आला असेल, तर अँटिबायोटिक लगेच लागतं. तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 ताप आला तर कानाचा विचारसुद्धा बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठायचं. आणि कुठल्याही वयात कानामागे सूज किंवा लाली येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, चेहरा एका बाजूला वाकडा झाला, मान ताठ झाली, झटका आला, मूल सुस्त होऊन उठवून उठत नाही किंवा सतत उलट्या करतंय, तर सकाळची वाट बघायची नाही. कानामागच्या हाडात पू पोचल्याची ती खूण असू शकते, किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत.

कान फुटण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे कधी घडलं तर घाबरू नये म्हणून लिहिते. रात्रभर किंचाळणारं मूल पहाटे अचानक शांत झोपतं आणि सकाळी उशीवर पिवळट, कधी रक्ताळलेला डाग दिसतो. रेट्याने पडद्याला छोटं भोक पडून पू बाहेर आला, दाब गेला, कळ थांबली. असा पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. त्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, बाहेर आलेलं तेवढं मऊ फडक्याने टिपायचं, आत बोळा किंवा काडी घालायची नाही, आंघोळीत पाणी जाऊ द्यायचं नाही. घरातले जुने कानाचे थेंबही नकोत, कारण काही थेंबांतली औषधं फाटलेल्या पडद्यातून आतल्या कानात जाऊन ऐकू येण्यावर परिणाम करू शकतात. दोन आठवड्यांनंतरही कान वाहत राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं.

आता सध्याच्या कान ओढण्याकडे येते. पू गेला तरी पडद्यामागे पाणी काही आठवडे राहतं. त्याने दुखत नाही, पण कान गच्च झाल्यासारखा वाटतो, आणि मूल तिकडे हात नेतं. ताप नाही, झोप नीट आहे, खाणंपिणं नीट आहे, म्हणजे हा बहुधा तोच प्रकार, नाहीतर काकूंच्या दाढा. या पाण्यावर अँटिबायोटिक काम करत नाही. तरीही एकदा नेहमीच्या डॉक्टरांना कान दाखवून घ्या. त्यांनी बोलावलं होतं ती भेट तुमची राहिलीच आहे. दुसऱ्या डॉक्टरांचा कागद बरोबर न्या आणि औषध पाचव्या दिवशी थांबवल्याचं न लपवता सांगा.

त्याच भेटीत लसीकरणाचं कार्डही दाखवा. न्यूमोकोकलची लस, म्हणजे कार्डवरची पीसीव्ही, 2021 पासून देशभर सरकारी केंद्रांत मोफत आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी. कानाच्या प्रत्येक दुखण्यापासून ती वाचवत नाही, पण त्यातल्या एका मुख्य जंतूपासून वाचवते. मुलगा अजून बाटलीने दूध पीत असेल तर आडवं झोपवून बाटली तोंडात देऊ नका, आणि बाटली हळूहळू सोडवाच. घरात कुणी सिगारेट-बिडी ओढत असेल किंवा आंघोळीनंतर बाळाला धुरी देण्याची पद्धत असेल, तर दोन्ही बंद. धुराने त्या नळीचं अस्तर सुजतं. तेलाच्या वादानंतर धुरीचा विषय काढणं जड जाईल हे कळतंय, तेव्हा तो डॉक्टरांच्या तोंडून सासूबाईंच्या समोर निघू द्या. त्यांना बरोबरच घेऊन जा.

ते पाणी साधारण तीन महिन्यांत ओसरतं. म्हणजे दिवाळीच्या सुमारास कान पुन्हा एकदा तपासून घ्या. तेव्हाही पाणी असेल, किंवा मागून हाक मारल्यावर तो वळत नसेल, नवे शब्द येणं थांबलं असेल, तर ऐकण्याची तपासणी करून घ्यायची. सहा महिन्यांत तीनदा किंवा वर्षात चारदा असं कानाचं दुखणं आलं, तरीही तज्ज्ञांना दाखवायचं. प्रत्येक वेळची तारीख, कुठला कान आणि कुठलं औषध, हे लसीकरणाच्या कार्डच्या मागच्या पानावर लिहीत चला. पहिली नोंद जुलैची, उजवा कान.